गरम टोकाचे चोवीस अंश: रबाळ्यातल्या एका हवा-द्रवीकरण यंत्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

रबाळे एमआयडीसीतला हा छोटा कारखाना. माणसं बारा, लेथ दोन आणि वेल्डिंगचा हात चांगला. ठाण्याकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्यांना प्रयोगशाळेसाठी हवा द्रवरूप करणारं यंत्र बनवायला दिलं. मागणी साधी होती: मुलांना डोळ्यांनी द्रव हवा दिसली पाहिजे आणि तासाला एक लिटर तरी मिळाली पाहिजे. मी तिथे सल्लागार म्हणून गेलो तो काम अडल्यावर. कारखाना आणि महाविद्यालय, दोघांचीही नावं इथे देत नाही. मालकांना काका म्हणतो, फिटरना मामा. हिशोब करणारी तरुण इंजिनीअर मुलगी होती, तिला ताई म्हणतो.

यंत्राची मांडणी लिंडे आणि हॅम्पसन यांनी 1895 मध्ये वेगवेगळी पेटंट घेतलेली, तीच. कॉम्प्रेसर हवा 200 बारपर्यंत दाबतो आणि पाण्याने थंड करून पुन्हा खोलीच्या तापमानावर आणतो. मग ती हवा एका लांब गुंडाळीतून खाली जाते आणि टोकाच्या नीडल व्हॉल्व्हमधून एकदम वातावरणाच्या दाबावर सुटते. सुटताना ती गार होते. ही गार हवा त्याच गुंडाळीच्या बाहेरच्या नळीतून उलटी वर येते आणि खाली येणाऱ्या हवेला आणखी गार करते. त्यामुळे व्हॉल्व्हपाशी येणारी हवा दर मिनिटाला आधीपेक्षा थंड असते. शेवटी सुटणाऱ्या हवेतला थोडा भाग द्रव होऊन खालच्या भांड्यात पडतो आणि उरलेली वर निघून जाते.

कॉम्प्रेसर जुना होता, पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या हवेच्या टाक्या भरायला वापरतात तसा. तो मिनिटाला 250 लिटर बाहेरची हवा ओढायचा, म्हणजे तासाला साधारण 17 किलो. गुंडाळी 11 मीटरची. आत 6 मिलिमीटरची स्टेनलेस नळी, बाहेरून तांब्याची मोठी नळी, आणि सगळ्यावर पाच सेंटिमीटर फोम.

अडचण

मे महिना. कारखान्यात दुपारी पत्रा तापला की आत 36 अंश. तीन आठवड्यांत यंत्र सात वेळा चालवलं गेलं. दर वेळी तेच: दोन तासांत व्हॉल्व्हच्या पुढचं थर्मोकपल उणे 190 अंशांच्या आसपास येऊन थांबायचं. फोमच्या जोडांवर पांढरं दव जमायचं. खाली लावलेल्या थर्मासमध्ये मात्र काहीच नाही, फक्त धुकं.

काकांचा तर्क असा की तापमान बरोबर आलं आहे, मग द्रव होत असणारच, नक्की व्हॉल्व्ह फवारतोय. मामांनी व्हॉल्व्हची सुई तीन वेळा घासली, एकदा अख्खा व्हॉल्व्ह बदलला. काही फरक नाही. मग संशय ओलाव्यावर गेला. मुंबईची हवा, त्यात मे. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड गोठून सुईपाशी अडकला असेल. ही शंका चुकीची नव्हती, कारण अशा यंत्रांचं पहिलं दुखणं तेच असतं. पण तसं असतं तर परत येणाऱ्या हवेचा प्रवाह हळूहळू कमी झाला असता आणि यंत्र गरम करून फुंकल्यावर पुन्हा सुधारला असता. ताईंनी प्रवाह मोजणाऱ्या रोटामीटरची नोंद दर दहा मिनिटांनी केली होती आणि त्यातला तरंगता गोळा जागचा हलला नव्हता. कॉम्प्रेसरनंतरची, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारी 13X चाळणी आपलं काम करत होती. ओलावा सुटला.

उणे 190 हा आकडा सगळ्यांना आश्वासक वाटत होता, आणि तिथेच सगळे फसले होते. उकळत्या पाण्याचं तापमान बघून पातेल्यात पाणी किती आहे ते कळत नाही. तसंच हे. एकदा द्रवाचा पहिला थेंब तयार झाला की त्या ठिकाणचं तापमान हवेच्या उकळण्याच्या तापमानाला चिकटतं. मग द्रव तासाला दहा ग्रॅम होवो नाहीतर दोन किलो, थर्मामीटर तेच सांगतो. थंड टोक या बाबतीत मुकं असतं.

पहिला हिशोब, आणि त्यातली चूक

ताईंनी ऑर्डर घेताना केलेला हिशोब माझ्यासमोर ठेवला. रीत बरोबर होती. गुंडाळी, व्हॉल्व्ह आणि भांडं यांच्याभोवती एक काल्पनिक पेटी काढायची. कॉम्प्रेसर पेटीबाहेर. पेटीत एकच प्रवाह जातो: 200 बारची, 36 अंशांची हवा. बाहेर दोन येतात: खालून द्रव आणि वरून परतीची हवा. पेटीत काम करणारं यंत्र नाही आणि बाहेरची उष्णता आत शिरत नाही असं धरलं, तर आत गेलेली एन्थाल्पी, म्हणजे प्रवाहाने सोबत आणलेली ऊर्जा, आणि बाहेर आलेली एन्थाल्पी सारखी. द्रव झालेला हिस्सा y:

```
h2 = y*hf + (1 - y)*h1
y  = (h1 - h2) / (h1 - hf)
```

इथे h2 म्हणजे आत जाणाऱ्या दाबाच्या हवेची एन्थाल्पी, h1 परतीच्या हवेची आणि hf द्रवाची. या समीकरणात व्हॉल्व्हच्या आधीचं तापमान येत नाही, गुंडाळीच्या मधलं कुठलंच तापमान येत नाही. आत जे काही चालतं त्याचा हिशोब दारावरच होतो.

कोष्टकात द्रव हवेची एन्थाल्पी शून्य धरलेली होती. त्या मोजपट्टीवर 36 अंशांच्या, एका बारच्या हवेची एन्थाल्पी किलोला 435 किलोज्यूल येते. तेच तापमान पण दाब 200 बार, तर सुमारे 402.5. म्हणजे 32.5 भागिले 435, साडेसात टक्के. 17 किलोतून सव्वा किलोच्या वर. काकांनी यावर विसंबून लिटरचं आश्वासन दिलं होतं.

हिशोब पुस्तकातल्यासारखा चोख होता, पण h1 काढताना परतीची हवा 36 अंशांवरच बाहेर पडते असं धरलं होतं. म्हणजे गुंडाळी परिपूर्ण, परतीच्या हवेतला थंडावा एक कणही वाया जात नाही. मी विचारलं, "परतीची हवा किती अंशांवर बाहेर येते, मोजलंय?"

ताई म्हणाल्या, "नाही सर. सगळी थर्मोकपलं खाली लावली आहेत."

मामांनी त्याच क्षणी परतीच्या नळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, ही तर गारेगार आहे. आम्हाला वाटलं चांगलंच लक्षण आहे!"

एक थर्मोकपल काढून त्या नळीवर टेपने बांधलं, वरून फोमचा तुकडा. 12 अंश. आत जाणारी हवा 36, बाहेर येणारी 12. गुंडाळीच्या वरच्या, गरम टोकाला चोवीस अंशांचं अंतर.

दुसरा हिशोब

हे यंत्र दर किलो हवेमागे जी थंडी कमावतं, ती फक्त 32.5 किलोज्यूल. दाबातून सुटताना हवा जे देते तेवढीच, दुसरी कमाई नाही. परतीची हवा एक अंश जरी कमी तापून बाहेर गेली, तरी किलोमागे साधारण एक किलोज्यूल थंडी वाऱ्यावर जाते, कारण कमी दाबाच्या हवेची विशिष्ट उष्णता एकच्या आसपास आहे. म्हणजे चोवीस अंश म्हणजे 24 किलोज्यूल. मिळकत 32.5, त्यातले 24 दारातूनच परत.

वर फोममधून आत शिरणारी उष्णता. फोमची जाडी, क्षेत्रफळ आणि सरासरी तापमानफरक घेऊन ती सुमारे 25 वॅट निघाली. तासाला 17 किलोवर वाटली तर किलोमागे पाच किलोज्यूल. दोन्ही खर्च घातले की समीकरण असं होतं:

```
y = (h1' - h2 - q) / (h1' - hf)
```

q म्हणजे फोममधून किलोमागे शिरणारी उष्णता, 5. h1' म्हणजे परतीच्या हवेची खरी एन्थाल्पी, 435 वजा 24, म्हणजे 411. वर उरले 411 वजा 402.5 वजा 5, म्हणजे 3.5. भागिले 411: एक टक्क्यालाही कमी, 0.85. तासाला जेमतेम 145 ग्रॅम.

काका शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे द्रव होतंय, पण थर्मासपर्यंत पोचत नाही?" नेमकं तेच. अंतर आणखी चार अंशांनी वाढलं असतं तर थेंबही झाला नसता.

पर्याय

दाब वाढवणं बाद होतं. कॉम्प्रेसरची मर्यादा 225 बार, आणि तेवढ्याने फायदा नगण्य.

दुसरा पर्याय होता आत जाणारी हवा आधीच थंड करणं. काकांना हा आवडला, कारण पर्यायांची चर्चा झाली त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तो करून पाहिला होता. मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणून निळ्या ड्रममध्ये टाकल्या, कॉम्प्रेसर आणि गुंडाळीच्या मध्ये नळीचे आठ वेढे त्यात बुडवले. हवा 15 अंशांवर आत गेली आणि थर्मासमध्ये तासाभरात खरंच साडेतीनशे ग्रॅम द्रव जमलं. फिक्या निळसर रंगाचं. कारखान्यात टाळ्या वाजल्या. काकांनी लगेच चिलरचा भाव मागवला, तो दीड लाखाच्या घरात आला होता.

तिसरा पर्याय गुंडाळी सुधारण्याचा. त्याला कुणाचा उत्साह नव्हता. बनवलेली वस्तू फाडायची म्हणजे जिवावर येतं.

इथे निर्णय घ्यायचा होता आणि बर्फाच्या यशाने कल चिलरकडे झुकला होता. म्हणून दोन्हींची तुलना एकाच मापाने केली. आत जाणारी हवा एक अंश गार केली की मिळकत h1 − h2 वाढते ती फक्त पाव किलोज्यूलने, कारण 200 बारच्या हवेची विशिष्ट उष्णता 1.27 च्या आसपास आणि एका बारच्या हवेची एक. त्या दोहोंतला फरक तेवढाच. याउलट गरम टोकाचं अंतर एक अंशाने कमी केलं की पूर्ण एक किलोज्यूल वाचतो. आत येणारी हवा गार झाली की अंतरही थोडं आपोआप घटतं, हे चिलरच्या बाजूने जमेला धरलं. बर्फाच्या प्रयोगात ते 24 वरून 22 झालेलं दिसलंही. तरी एकूण हिशोब असा: चिलरने हवा 12 अंशांवर आणली तर y सुमारे 3.2 टक्के. गुंडाळी सुधारून अंतर 9 अंशांवर आणलं तर 4.3 टक्के. आणि गुंडाळीचा खर्च चिलरच्या एका कोपऱ्यात बसणारा.

काकांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मग मामांना म्हणाले, "मामा, कापा."

काय केलं

फोम सोलून गुंडाळी मधोमध कापली तेव्हा कारण उघड्यावर आलं. आतली नळी बाहेरच्या नळीच्या मध्यावर नव्हतीच. वेढे घालताना ती आतल्या बाजूला दाबली जाऊन भिंतीला टेकली होती. एका बाजूला फट शून्य, दुसऱ्या बाजूला दुप्पट. परतीची हवा सोपी वाट धरून मोठ्या फटीतून निघून जात होती आणि आतल्या नळीच्या अर्ध्या अंगाला तिचा नीट स्पर्शच होत नव्हता. कागदावर या गुंडाळीचं अंतर दहा अंश यायला हवं होतं. प्रत्यक्षात चोवीस आलं, त्याचं कारण ही टेकलेली नळी.

नव्या गुंडाळीत दोन गोष्टी बदलल्या. आतल्या नळीवर दर पाच सेंटिमीटरला एक वेढा पडेल अशी तांब्याची तार गुंडाळली, म्हणजे नळी मध्यावर राहते आणि हवाही ढवळली जाते. आणि लांबी 11 वरून 19 मीटर केली. नुसती तार पुरली असती का? कदाचित दहा-बारा अंशांपर्यंत आलं असतं. पण गुंडाळी पुन्हा एकदा फाडायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून हात सैल सोडला. लांबीची किंमतही असते: परतीच्या वाटेवर दाबाचा अडथळा वाढतो, भांड्यातला दाब थोडा चढतो आणि द्रव काढताना त्यातला काही भाग उडून जातो. इथे परतीचा दाब 0.4 बार चढला. द्रव उडालं ते दोन-तीन टक्के, चालण्यासारखं. याहून लांब केली असती तर बाहेरची नळीही मोठी घ्यावी लागली असती.

आतली नळी जोडल्यावर पाण्याने 300 बारला तपासली. हे काम हवेने करू नये, फुटली तर पत्र्याचं छप्पर उडतं.

निकाल

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, यंत्र पुन्हा चालवलं. आत 36 अंश, परतीला 27. अंतर नऊ. हिशोबाने तासाला 730 ग्रॅम, थर्मासमध्ये वजन भरलं 580.

ताई नाराज झाल्या. मी तीनही प्रयोगांचे आकडे शेजारी शेजारी लिहायला सांगितले. पहिल्यात हिशोब 145, हाती शून्य. बर्फाच्या वेळी हिशोब 500, हाती 350. आता 730, हाती 580. तिन्ही वेळा तूट दीडशे ग्रॅमची. समीकरणात चूक असती तर उत्पादनाबरोबर तूटही वाढली असती. ती वाढत नव्हती, म्हणजे कुठेतरी ठराविक उष्णता द्रवात शिरत होती. दीडशे ग्रॅम द्रव तासाभरात उकळायला साधारण साडेआठ वॅट लागतात. मामांनी भांड्याखालच्या निचऱ्याच्या नळीकडे बोट दाखवलं. आठ-दहा सेंटिमीटर नळी उघडी होती, तिच्यावर बर्फाचा जाड थर. तिला फोमचं आवरण चढवलं आणि पुढच्या फेरीत 680 ग्रॅम मिळाले.

लिटर मात्र अजून झालं नव्हतं. बर्फाचा ड्रम पुन्हा लावला, हवा 15 अंशांवर आत घेतली. अंतर आठ अंश, हिशोबाने 6.2 टक्के, तासाला एक किलोच्या वर. थर्मासमध्ये लिटरभर जमलं. महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना हे सगळं आकड्यांसकट सांगितलं आणि त्यांनी बर्फाच्या ड्रमसकट यंत्र स्वीकारलं. चिलर कुणी घेतला नाही.

सुपूर्द करताना एक गोष्ट आवर्जून दाखवली. मामांनी विझत आलेली अगरबत्ती थर्मासच्या तोंडाशी धरली, ती भपकन पेटली. इथे जमणारं द्रव हवेपेक्षा ऑक्सिजनने बरंच श्रीमंत असतं, कारण ऑक्सिजन नायट्रोजनच्या आधी द्रव होतो आणि एवढ्या थोड्या द्रवात त्याचा वाटा निम्म्याच्या जवळ जातो. एन्थाल्पीच्या हिशोबात याने फार फरक पडत नाही, खालचा भाजक चारशेच्या घरात असल्याने hf थोडं हललं तरी y जागचं हलत नाही. पण कॉम्प्रेसरचं तेल, कापूस आणि लाकडी टेबल यांच्याजवळ हे द्रव सांडू देऊ नये. प्रयोगशाळेत लाकडी टेबल होतं, ते बदलायला लावलं.

आज पुन्हा केलं तर

पहिलं थर्मोकपल मी परतीच्या नळीच्या तोंडाशी लावेन, आणि दुसरं आत जाणाऱ्या नळीवर. खालचं सर्वात शेवटी. या दोन आकड्यांवरून द्रव किती होतंय याचा अंदाज पंधरा मिनिटांत बांधता आला असता आणि सुई तीन वेळा घासावी लागली नसती.

ऑर्डर घेतानाचा हिशोबही उलट्या बाजूने करायला हवा होता. साडेसात टक्के ही या दाबाची आणि या तापमानाची कमाल मर्यादा, त्यावर किंमत ठरवणं म्हणजे पगाराच्या आकड्यावर घरखर्च बेतणं, कापून हातात येतं ते न बघता. आधी गरम टोकाला किती अंशांचं अंतर सोसणार ते ठरवायचं, मग y, मग लिटर. दहा अंश आणि पाच किलोज्यूल गळती धरली असती तर ताईंच्याच कोष्टकावरून चार टक्के निघाले असते आणि काकांनी अर्ध्या-पाऊण लिटरच्या वर शब्द दिला नसता.

बर्फाच्या प्रयोगाबद्दल अजून आमचं एकमत नाही. काकांचं म्हणणं, तो झाला नसता तर कुणाचा विश्वास टिकला नसता. माझं म्हणणं, तो एक दिवस आधी झाला म्हणूनच चिलरची पावती जवळजवळ फाटली होती. दोघेही थोडे बरोबर असू. ताईंनी मात्र प्रयोगपुस्तिकेत मुलांसाठी तक्ता आखताना पहिले दोन रकाने आत जाणाऱ्या आणि परतीच्या हवेच्या तापमानांचे ठेवले आहेत. थर्मासच्या वजनाचा रकाना शेवटून दुसरा, आणि शेवटचा रकाना हिशोब आणि वजन यांच्यातल्या तुटीचा.